आमेन, हालेलूया, होसान्ना, मारानाथा : हे शब्द कोण म्हणतो आणि कुणाला?

प्रश्न : आमच्या चर्चमध्ये सगळी उपासना मराठीत असते, पण प्रार्थनेच्या शेवटी ‘आमेन’, गाण्यांत ‘हालेलूया’ आणि झावळ्यांच्या रविवारी ‘होसान्ना’ हे शब्द मात्र तसेच म्हणतात. या शब्दांचा शब्दशः अर्थ काय? आमेन म्हणजे आपलं ‘तथास्तु’च ना? आणि एका नातेवाइकांनी सांगितलं की आमेन हे इजिप्तच्या आमोन देवाचं नाव आहे. हे खरं का?

उत्तर :

थोडक्यात सांगायचं तर आमेन म्हणजे ‘हे पक्कं आहे’. हालेलूया म्हणजे ‘तुम्ही याहची, म्हणजे देवाची, स्तुती करा’. होसान्ना म्हणजे ‘वाचव ना’. हे तिन्ही शब्द हिब्रू आहेत. चौथा शब्द मी स्वतःहून जोडतो, मारानाथा. तो अरामी आहे आणि त्याचा अर्थ ‘आमच्या प्रभो, ये’ असा होतो. आमेनचा आमोन देवाशी काहीही संबंध नाही, आणि तथास्तुशी संबंध आहे तो अर्धाच.

मी धर्मशिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना बरीच वर्षं हिब्रू शिकवतो. पहिल्याच आठवड्यात हे शब्द निघतात आणि सगळे अर्थ विचारतात. मी त्यांना एक प्रश्न आधी सोडवायला लावतो: हा शब्द कोण म्हणतो आणि कुणाला उद्देशून म्हणतो? तो सुटला की अर्थ आपोआप बसतो.

आधी आमोनचं निस्तरू. हिब्रू शब्दाचा कणा व्यंजनांचा असतो, बहुधा तीन व्यंजनांचा, आणि एकाच कण्यावर क्रियापदं, नामं, विशेषणं उभी राहतात. शब्द त्या भाषेचाच आहे की बाहेरून आलाय हे ओळखायची सोपी खूण म्हणजे त्याच कण्याची बाकीची भावंडं त्या भाषेत सापडतात का ते पाहणं. आमेनचा कणा आलेफ-मेम-नून, आणि त्याची भावंडं पानोपानी आहेत. ‘नेएमान’ म्हणजे भरवशाचा माणूस. ‘हेएमीन’ म्हणजे विश्वास ठेवला. ‘एमूना’ म्हणजे विश्वासूपणा, स्थिरता. निर्गमाच्या १७व्या अध्यायात अमालेकांशी लढाई चालू असताना मोशेचे हात दुखू लागतात, अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी ते धरून ठेवतात, आणि हात सूर्यास्तापर्यंत ‘एमूना’ राहिले असं मूळ वाक्य आहे. तिथे हा श्रद्धेचा शब्द नाही. हात हलले नाहीत, एवढंच म्हणायचंय. २ राजे १८:१६ मध्ये हिज्कीया राजा मंदिराच्या दारांचं आणि ‘ओमनोत’चं सोनं काढून अश्शूरच्या राजाला देतो. ओमनोत म्हणजे दाराला आधार देणारे खांब. हाही त्याच कण्याचा शब्द. म्हणजे या कुटुंबाचा मूळ भाव आहे टेकलं तरी न ढासळणारं, भार सोसणारं. इजिप्तच्या आमोन देवाचं नावही जुन्या करारात येतं, यिर्मया ४६:२५ मध्ये. पण तिथे तो परक्यांचा देव म्हणून येतो, त्याला शिक्षा होणार असं सांगितलंय, आणि त्याच्या नावाचं लेखनही वेगळं आहे. ऐकायला सारखं वाटलं म्हणून नातं जोडणं हा हौशी व्युत्पत्तीचा नेहमीचा दोष. ‘ओम’ आणि ‘आमेन’ एकच असं म्हणणारेही भेटतात. तिथेही हीच कसोटी लावा.

आता आमेन म्हणतं कोण? जुन्या करारात जवळजवळ नेहमी ऐकणारा म्हणतो, बोलणारा नाही. १ राजे १:३६ पाहा. म्हातारा दावीद हुकूम देतो की शलमोनाला राज्याभिषेक करा. समोर उभा असलेला बनाया उत्तर देतो, ‘आमेन’. म्हणजे हुकूम ऐकला, मान्य आहे, तसंच होईल. अनुवादाच्या २७व्या अध्यायात लेवी मोठ्याने एकेक शाप उच्चारतात, शेजाऱ्याची हद्दीची खूण सरकवणारा शापित असो, आंधळ्याला वाट चुकवणारा शापित असो, आणि प्रत्येक शापानंतर सगळे लोक आमेन म्हणतात. असे १२ शाप, १२ आमेन. त्यात ‘असं होवो’ ही नुसती इच्छा नाही. मी स्वतः हद्द सरकवली तर हा शाप मलाही लागू, असं प्रत्येक जण स्वतःला बांधून घेतो. आमेन हा असा सहीसारखा शब्द आहे.

बायबलबाहेरचाही एक पुरावा मला फार मोलाचा वाटतो. इस्राएलच्या किनाऱ्यावर याव्ने-यामजवळच्या एका लहान किल्ल्यात १९६० मध्ये मडक्याच्या खापरावर शाईने लिहिलेला एक अर्ज सापडला. इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकाच्या शेवटचा. अर्जदार कापणी करणारा मजूर आहे. त्याची तक्रार अशी की मी माझा वाटा कापून कोठारात भरला, तरी मुकादमाने माझा अंगरखा काढून नेला. माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे माझे भाऊ माझ्यासाठी साक्ष देतील, असं तो पुन्हापुन्हा सांगतो. त्यापुढची अक्षरं बरेच अभ्यासक ‘आमेन, मी निर्दोष आहे’ अशी वाचतात. हे वाचन बरोबर असेल तर इथे आमेन प्रार्थनेत नाही, देवळात नाही. तो एका गरीब माणसाचा ‘खरं सांगतोय’ आहे.

आता तथास्तुकडे येऊ. तथास्तु देणारा म्हणतो. भक्त मागतो, देव प्रसन्न होऊन तथास्तु म्हणतो. आमेन मागणाऱ्यांच्या बाजूने येतो. एक जण प्रार्थना करतो आणि बाकीचे आमेन म्हणून ती आपलीही करून घेतात. त्यामुळे प्रार्थनेच्या शेवटी आपणच तथास्तु म्हटलं तर वर मागणाऱ्यानेच वर दिल्यासारखं होतं. तरी तथास्तु हा अर्थ अगदीच हवेतून आलेला नाही. अलेक्झांड्रियातल्या यहुद्यांनी हिब्रू शास्त्राचं ग्रीक भाषांतर केलं, त्यात आमेनसाठी बहुतेक ठिकाणी ‘गेनोइतो’ हा शब्द घातला. गेनोइतो म्हणजे ‘असो, घडो’. इ. स. १५५च्या सुमारास रोममध्ये लिहिणारा ख्रिस्ती लेखक जस्टिन हुतात्मा आपल्या ग्रीक वाचकांना सांगतो की अध्यक्षाची प्रार्थना संपली की सगळे लोक आमेन म्हणतात आणि हिब्रूत त्याचा अर्थ गेनोइतो. ‘तसे होवो’ हा अर्थ तिथून रुळला. विनंतीच्या प्रार्थनेला तो चालतोही. पण कॅथलिक मिस्सेत ख्रिस्तप्रसाद देताना धर्मगुरू ‘ख्रिस्ताचे शरीर’ म्हणतात आणि घेणारा ‘आमेन’ म्हणतो. तिथे ‘तसे होवो’ म्हणून पाहा, बसत नाही. तिथे ‘होय, हे खरं आहे’ हाच अर्थ लागतो.

ऐकल्याशिवाय आमेन नाही, हा नियम यहुदी गुरूंनी फार मनावर घेतला होता. तालमूद या त्यांच्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथात, बराखोत या प्रकरणात, तीन प्रकारच्या आमेनांना मनाई आहे. एक ‘हिसकावलेला’, म्हणजे घाईत पहिला स्वर गिळलेला. दुसरा ‘तोडलेला’, शेवटचं व्यंजन खाल्लेला. तिसरा ‘अनाथ’, म्हणजे ज्या आशीर्वचनाला उत्तर द्यायचं ते ऐकलंच नाही, पण बाकीचे म्हणाले म्हणून आपणही म्हटलं. याच तालमूदमध्ये अलेक्झांड्रियाच्या प्रचंड सभास्थानाचं वर्णन आहे. ते इतकं मोठं होतं की मागच्यांना आवाजच पोचत नसे. म्हणून मध्यभागी लाकडी चौथऱ्यावर सेवक हातात वस्त्रं घेऊन उभा राही आणि आमेनची वेळ आली की ती फडकवी. मग अख्खं सभास्थान आमेन म्हणे. हे अनाथ आमेन नव्हेत का, असा प्रश्न पुढच्या पिढ्यांतल्या भाष्यकारांनी काढला आणि त्यावर बराच खल केला.

करिंथकरांना पहिलं पत्र लिहिताना पौलही हेच धरून बोलतो. तू अन्य भाषेत उपकारस्तुती केलीस तर तुझं बोलणं न समजणारा आमेन कसा म्हणेल, असं तो १४:१६ मध्ये विचारतो. ही ग्रीक बोलणारी मंडळी. त्यांनी आमेन हा परका शब्द ठेवला, पण ज्याला आमेन म्हणायचं ती प्रार्थना त्यांच्या भाषेत हवी होती. तुमच्या मराठी उपासनेची रचना नेमकी हीच आहे.

येशूने मात्र हा क्रम उलटवला. तो आमेन वाक्याच्या सुरुवातीला, स्वतःच्याच बोलण्याला लावतो. मूळ ग्रीकमध्ये ‘आमेन, मी तुम्हांला सांगतो’ असं आहे; मराठी शास्त्रात ते ‘मी तुम्हांला खचीत सांगतो’ झालं, आणि योहानाच्या शुभवर्तमानात, जिथे आमेन दोनदा येतो, तिथे ‘खचीत खचीत’. म्हणजे मराठी वाचकासमोर आमेन कितीतरी वेळा येतो, फक्त वेषांतर करून. ‘खचीत’ हा भाषांतरकारांनी निवडलेला शब्द मला आमेनच्या गाभ्याला सगळ्यात जवळचा वाटतो.

उच्चाराचं म्हणाल तर हिब्रूत दोन्ही स्वर दीर्घ आहेत. आपला मराठी ‘आमेन’ त्याला अगदी जवळचा. इंग्रजी वळणाने ‘एमेन’ म्हणायची काही गरज नाही.

हालेलूयाचं उत्तर लहान आहे. ‘हलेलू’ हे आज्ञार्थी क्रियापद आहे, अनेकवचनी. ‘तू’ नाही, ‘तुम्ही सगळे’ स्तुती करा. ‘याह’ हे देवाच्या चार अक्षरी नावाचं छोटं रूप. मराठी बायबलमधल्या यशया, यिर्मया, नहेम्या, जखऱ्या या नावांच्या शेवटी जो ‘या’ ऐकू येतो, तो हाच. म्हणजे हालेलूया देवाला उद्देशून नाहीच. तो आपण एकमेकांना म्हणतो. ‘प्रभो, हालेलूया’ असं कुणी प्रार्थनेत म्हणतं तेव्हा व्याकरणाने ते देवालाच ‘तुम्ही याहची स्तुती करा’ असं सांगणं होतं. यात पाप काही नाही, पण कळलेलं बरं. कीर्तनात बुवा ‘बोला’ म्हणतात आणि लोक पुढचा गजर करतात. इथे लोकांनी तो ‘बोला’च उचलला आणि त्याचाच गजर झाला, असं समजा. हे हिब्रू काळातच झालं असावं. स्तोत्रसंहितेची शेवटची पाच स्तोत्रं, १४६ ते १५०, प्रत्येक हालेलूयानेच सुरू होतात आणि त्यानेच संपतात. स्तोत्र १४८ मध्ये तर स्तुती करण्याची आज्ञा सूर्य, चंद्र आणि समुद्रातल्या राक्षसी प्राण्यांनाही आहे.

ग्रीक भाषांतरकारांनी आमेनचं भाषांतर केलं, पण हालेलूया तसाच ग्रीक लिपीत उतरवला. ग्रीक लेखनात ‘ह’साठी वेगळं अक्षर नव्हतं, त्यामुळे लॅटिनमध्ये येईतो तो आल्लेलूया झाला. कॅथलिक मंडळी आलेलूया म्हणतात आणि प्रॉटेस्टंट हालेलूया, ते यामुळे. पहिला ग्रीक-लॅटिन वाटेने आला, दुसरा थेट हिब्रूकडे पाहून. दोन्ही एकच. रोमन विधीत राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या जागरणविधीपर्यंत हा शब्द उच्चारत नाहीत. पूर्वेकडच्या मंडळ्यांत मात्र उपवासकाळातही तो म्हटला जातो.

होसान्नावर थोडा वेळ घालवू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याचाच आहे. मुलांना विचारलं की उत्तर येतं, ‘येशूचा जयजयकार’. आता शब्द सोडवून पाहा. तो आला स्तोत्र ११८:२५ मधून. तिथे हिब्रू आहे, ‘आना यहोवा, होशीआ ना’. ‘आना’ म्हणजे ‘कृपा कर, विनवतो’. ‘होशीआ’ या क्रियापदाचा कणा योद-शीन-आयिन, वाचवणे, सुटका करणे, आज्ञार्थी, एकवचनी. शेवटचा ‘ना’ हा काकुळतीचा प्रत्यय, आणि योगायोगाने तो मराठी ‘दे ना’, ‘ये ना’मधल्या ‘ना’सारखाच वागतो. तेव्हा शब्दशः भाषांतर ‘वाचव ना’. ग्रीकमध्ये ‘श’ नाही, म्हणून ‘स’ आला. घशातला आयिन नाही, तो गळाला. होशीआ-ना आक्रसून होसान्ना झाला. येशूच्या ‘येशुआ’ या मूळ नावातलं क्रियापदही हेच, आणि यशयाच्या नावातलंही.

हेच क्रियापद राजासमोर कसं वापरायचे ते २ शमुवेल १४:४ मध्ये दिसतं. तकोवाची एक बाई दावीदापुढे जमिनीवर लोटांगण घालते आणि म्हणते, ‘होशीआ हम्मेलेख’, राजा, वाचव! २ राजे ६:२६ मध्ये शोमरोनला वेढा पडून उपासमार चालू असते, राजा तटावरून चाललेला असतो, आणि खालून एक बाई तीच हाक मारते. ही फिर्यादीची हाक आहे. आपल्या भाषेत ‘जय’पेक्षा ‘धाव रे, पाव रे’ तिच्या जवळचं.

मग जयजयकार कुठून आला? मंडपांच्या सणात. मिश्ना हे यहुदी नियमांचं जुनं संकलन सांगतं की यरुशलेमच्या मंदिरात लोक रोज वेदीला एक प्रदक्षिणा घालत आणि हेच वचन म्हणत. सातव्या दिवशी सात प्रदक्षिणा. वेदीभोवती वाळुंजाच्या उंच फांद्या उभ्या केलेल्या असत. हातातल्या फांद्यांनाच पुढे ‘होशाना’ म्हणू लागले, आणि तो सातवा दिवस झाला होशाना रब्बा, मोठा होशाना. आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल यहुदी समाजाच्या प्रार्थनापुस्तकातही हा दिवस आहे. वाचव ना ही विनवणी अशा उत्सवात वर्षानुवर्षं फांद्या हलवत घोषासारखी म्हटली गेली, तेव्हा तिच्यात आनंदाचा सूर मिसळला. येशू यरुशलेमात शिरतो तेव्हा लोक फांद्या घेऊन ‘होसान्ना, परमेश्वराच्या नावाने येणारा धन्य’ म्हणतात. ही ११८व्या स्तोत्राची सलग २५ आणि २६ ही वचनं आहेत. ‘ऊर्ध्वलोकी होसान्ना’ हे मात्र ‘उंचावर वाचव ना’ असं शब्दशः घेतलं तर अडखळतं. म्हणजे तोवर शब्द घोषाकडे झुकला होता. लूकने, जो ग्रीक वाचकांसाठी लिहीत होता, हा शब्दच गाळला आणि ‘स्वर्गात शांती आणि ऊर्ध्वलोकी गौरव’ असं घातलं.

माझं मत विचाराल तर झावळ्यांच्या रविवारी मुलांना दोन्ही अर्थ सांगावेत, पण विनवणी आधी. रोमी सत्तेखालचे लोक राजा म्हणून स्वागत करताना ‘वाचव’ म्हणताहेत, हे कळलं की त्याच आठवड्यातला शुक्रवार वेगळा वाचला जातो.

शेवटी मारानाथा. पौल करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या अखेरीस, १६:२२ मध्ये, ग्रीक वाक्यं लिहिता लिहिता हा अरामी शब्द घालतो आणि अर्थ सांगत नाही, म्हणजे करिंथातल्या लोकांना तो माहीत होता. जुन्या हस्तलिखितांत शब्दांमध्ये जागा सोडत नसत, म्हणून तो कुठे तोडायचा हा प्रश्न उरतो. ‘मारान आथा’ तोडलं तर ‘आमचा प्रभू आला आहे’. ‘माराना था’ तोडलं तर ‘आमच्या प्रभो, ये’. यातला ‘मार’ म्हणजे प्रभू, स्वामी. केरळच्या सिरियन ख्रिस्ती लोकांच्या ‘मार थोमा’ या नावात तो आजही आहे, कारण त्यांची उपासनेची सिरियाक भाषा अरामीचीच शाखा. मी दुसरी फोड धरतो, कारण प्रकटीकरण २२:२० मध्ये तेच मागणं ग्रीकमध्ये उतरलेलं दिसतं. तिथे आधी ‘होय, मी लवकर येतो’ असं वचन येतं, आणि मग ‘आमेन. ये, प्रभू येशू’. आमेन इथेही दुसऱ्याच्या बोलण्याला दिलेलं उत्तरच आहे.

दिदाखे या फार जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेच्या दहाव्या अध्यायात यांतले तीन शब्द एकत्र सापडतात. इ. स. १०५६ मध्ये नकललेली तिची प्रत १८७३ साली कॉन्स्टंटिनोपलमध्ये मिळाली. भोजनानंतरच्या उपकारस्तुतीत, पूर्ण ग्रीक मजकुरात, आधी ‘दावीदाच्या देवाला होसान्ना’, मग जो पवित्र आहे त्याने यावं, नसेल त्याने पश्चात्ताप करावा अशी सूचना, आणि लगेच ‘मारानाथा. आमेन’. तेव्हा तुमच्या मराठी उपासनेत हे शब्द न बदलता राहिले ते मराठी भाषांतरकारांना शब्द सुचले नाहीत म्हणून नव्हे. ग्रीक बोलणाऱ्या पहिल्या मंडळ्यांनीच ते असे ठेवले होते, आणि लॅटिन, सिरियाक, मराठी सगळ्यांनी त्यांचंच चालवलं.